आईवडिलांची भूक मंदावली, वजन उतरतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वय झालं की जेवण कमी होतंच. मग काळजी कशाची?

जेवण कमी होतं, हे खरं. सत्तरीनंतर हालचाल घटते, पोट सावकाश रिकामं होतं, आणि दोन पोळ्या खाणारा माणूस एका पोळीवर ताट सारतो. पण त्या एका पोळीवर वजन जागच्या जागी असेल, माणूस हिंडता-फिरता असेल, तर विशेष काही बिघडलेलं नाही. भूकही गेली आणि वजनही उतरतंय, असं असेल तर ते वयाच्या खात्यावर टाकू नका. या वयात उतरणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असतो. आधी खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, मग तोल जायला लागतो, मग एक दिवस बाथरूममध्ये पडणं.

दुसरं म्हणजे, यामागे बहुधा एकच कारण नसतं. गोळीने तोंड कोरडं पडतं, कोरड्या तोंडात कवळी टिकत नाही, कवळी टोचते म्हणून मऊ आणि बेचव तेवढंच खाल्लं जातं, चारचौघांत कवळी हलते म्हणून माणूस एकटा जेवायला बसतो, आणि एकट्याला जेवण जात नाही. म्हणून पुढचे प्रश्न वेगवेगळे दिसले तरी उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत.

किती वजन उतरलं की डॉक्टरांकडे जायचं?

प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्के. ६० किलोच्या माणसाचे ३ किलो. आकडा छोटा वाटतो, म्हणूनच निसटतो.

काटा नेहमी तोच वापरा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, साधारण तशाच कपड्यांत. दर पंधरा दिवसांनी पुरे. रोज वजन घेऊन आईला घाबरवायचं कारण नाही. घरात काटा नसेल तर शिंप्याची टेप घ्या आणि पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. घेर ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर स्नायू झिजलेत असं समजायचं. ढिल्या झालेल्या बांगड्या, सैल ब्लाउज, पट्ट्याला पाडलेलं नवं भोक, हेही पुरावेच आहेत. मात्र पायांवर सूज असेल तर काटा फसवतो, कारण अंगात पाणी साठतं आणि मांस उतरल्याचं आकड्यात दिसत नाही.

बाबांना सगळंच बेचव लागतं. वरणात मीठच नाही म्हणून रोज भांडण.

बाबांची जीभ खोटं बोलत नाही, पण दोष बहुतेक वेळा जिभेपेक्षा नाकाचा असतो. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वास असतो, आणि वय वाढतं तसा वास मंदावतो. घरच्या घरी बघता येतं: डोळे मिटायला सांगा आणि हिंगाची डबी, मग कॉफीची पूड नाकाशी धरा. ओळखता आलं नाही, तर बाबांसाठी फोडणी दिलेली आमटी आणि गरम पाणी यांत फारसा फरक उरलेला नाही. (अशा घरात आणखी एक धोका असतो. गॅस गळत असला किंवा दूध नासलं असलं तरी त्यांना वासावरून कळणार नाही. एकटे राहत असतील तर गॅस गळतीचा अलार्म बसवून घ्या.)

मीठ वाढवणं हा उपाय नव्हे. रक्तदाब असलेल्या माणसाला तर मुळीच नाही. आंबट आणि सुवास वाढवा. लिंबू पिळा, आमसूल घाला, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आलं, पुदिना, लसणीची वरून दिलेली फोडणी. अन्न गरम वाढा, कारण गार अन्नाला वास येत नाही. दुपारी बाराला झाकून ठेवलेलं ताट दोन वाजता समोर आलं, तर तरुण माणसालाही ते नकोसं होईल.

तोंड कडू किंवा धातूसारखं लागत असेल तर मात्र पुढचा प्रश्न आधी वाचा. जीभ लाल, गुळगुळीत आणि तिखटाने झोंबणारी असेल तर बी-१२ किंवा लोहाची कमतरता तपासायला हवी. झिंकच्या गोळ्यांचा उपयोग झिंक कमी असेल तरच होतो. उगाच घेतल्या तर त्यांनीच मळमळतं.

कोणत्या औषधांनी भूक किंवा चव जाते?

यादी मोठी आहे, पण आपल्याकडच्या घरांत वारंवार सापडणारी थोडीच.

पहिली मेटफॉर्मिन. मधुमेहाची सगळ्यांत जास्त दिली जाणारी गोळी, आणि चांगलीच गोळी. पण तिने तोंडाला धातूची चव येते, मळमळतं, अन्नावरची वासना उडते. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ही कमी होऊ शकतं. मधुमेहाचीच डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं लघवीवाटे साखर बाहेर काढतात, म्हणजे खाल्लेल्यातला काही भाग तसाच निघून जातो. जाड माणसाला ते फायद्याचं, वाळत चाललेल्या माणसाला नाही.

हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल आणि भूक गेली, मळमळ सुरू झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. औषध अंगात साठत असल्याची ती पहिली खूण असू शकते, विशेषतः मूत्रपिंड मंदावलं असेल तर. विस्मरणासाठी दिली जाणारी डोनेपेझिल भूक आणि वजन दोन्ही कमी करू शकते. दुखण्यासाठीची ट्रामाडॉल मळमळ आणि बद्धकोष्ठ आणते, लोहाच्या गोळ्याही पोट बिघडवतात. आणि ज्याचं पोट चार दिवस साफ नाही, त्याला भूक कुठून लागणार? दुकानातून परस्पर आणलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्या पोटाच्या आतल्या अस्तराला इजा करतात. त्या डॉक्टरांच्या कागदावर कुठेच नसतात.

तोंड कोरडं करणारा गट वेगळा: झोपेसाठी किंवा पायांच्या आगीसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलीन, सर्दीच्या गोळ्या, वारंवार लघवी थांबवण्याच्या गोळ्या. लाळ नसेल तर चव कळत नाही आणि घास फिरत नाही.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना फाइल पुरत नाही. डबा, पिशवी, उशाखालची पट्टी, आयुर्वेदिक काढा, शेजारणीने दिलेलं चूर्ण, सगळं एका पिशवीत भरून टेबलावर ओता. प्रत्येक औषधापुढे एकच प्रश्न विचारा: हे कशासाठी सुरू झालं होतं, आणि ते कारण अजून आहे का?

मग संशय असलेली गोळी आम्हीच बंद करून पाहू का?

नको. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर त्रास वाढतो, त्या हळूहळू कमी कराव्या लागतात.

पण उलटी बाजू जास्त तातडीची आहे. वजन ६० किलो असताना ठरलेला डोस ५२ किलोलाही तोच चालू राहतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने जेवण अर्ध्यावर आणलं तर साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, पहाटे विचित्र वागणं, असं काही दिसलं तर आधी साखर तपासा आणि शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या. रक्तदाबाचंही तेच, उठल्यावर चक्कर येते म्हणून आई अंथरुणातच राहते आणि आपण म्हणतो अशक्तपणा. चतुर्थी, एकादशी, गुरुवार असे उपास असतील तर त्या दिवशी मधुमेहाच्या गोळ्यांचं काय करायचं, हे आधीच विचारून कागदावर लिहून घ्या.

कवळी बसवली आहे. तरी चावायला काय अडचण?

कवळी बसवली म्हणजे दात परत आले, असा समज फार पक्का आहे. पूर्ण कवळीने चावताना येणारा जोर खऱ्या दातांच्या जेमतेम पाव असतो. शिवाय दात गेल्यावर हिरडीखालचं हाड झिजतच राहतं, वर्षानुवर्षं. म्हणजे कवळी होती तशीच राहते आणि तिच्याखालची जमीन खचत जाते. वजन उतरलं की गाल-हिरड्याही बसतात आणि ढिली कवळी आणखी ढिली होते. खालची कवळी आधी दगा देते, कारण तिला टेकायला जागा कमी आणि जीभ सतत तिला ढकलत असते. वरची टाळूला चिकटून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे. तोंड कोरडं पडलं की तीही सुटते.

आई याबद्दल तक्रार करेलच असं नाही. काय खाल्लं जातंय त्यावरून ओळखायचं. भाकरी गेली, उसळ गेली, काकडी-गाजर गेलं, चिकन गेलं, आणि उरलं काय तर चहात बुडवलेलं बिस्कीट, मऊभात, केळं. प्रथिनं जवळजवळ संपली. बोलताना टक्टक् आवाज, घास एकाच बाजूला फिरवणं, पाहुणे असले की “मी मागाहून बसते”, ओठांच्या कोपऱ्यात चिरा, किंवा कवळी फक्त समारंभापुरती लावणं, ही सगळी तीच गोष्ट सांगतात.

कवळी काढायला लावून टॉर्चने तोंड बघा. संकोच वाटतो, तरी बघा. हिरडीवर लाल रेघ किंवा जखम असेल तर तिथे कवळी टोचते आहे. टाळू कवळीच्याच आकारात लालभडक असेल, किंवा पुसता येणारे पांढरे डाग असतील, तर बुरशी आहे. रात्रंदिवस कवळी लावून झोपणाऱ्यांत ती फार दिसते. डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं औषध तोंडात लावायचं, पण कवळीही साफ झाली पाहिजे, नाहीतर बुरशी परत येते. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, मऊ ब्रश आणि साध्या साबणाने घासायची. टूथपेस्टने तिला बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत बुरशी घर करते. उकळतं पाणी वापरलं तर तिचा आकारच बिघडतो.

नवी कवळी करावी का?

प्रत्येक वेळी नाही. टोचणारी कड घासून घेणं हे दंतवैद्याचं थोड्या वेळाचं काम आहे. कवळी ढिली असेल तर आतून नवा थर भरून ती पुन्हा घट्ट बसवता येते. त्याला रिलायनिंग म्हणतात. जखम असताना मात्र माप घेत नाहीत, आधी ती भरू देतात. दात फारच झिजले असतील, कवळीला तडा असेल किंवा जबड्याची ठेवणच बदलली असेल, तर नवी. एक सावधगिरी: पंच्याऐंशीच्या माणसाला संपूर्ण नवी कवळी अंगवळणी पडायला महिने लागतात, कधी पडतच नाही. जुनी सुधारता येत असेल तर ती सुधारा.

बाबा गेल्यापासून आई नीट जेवत नाही. हे दुःख की नैराश्य?

दोन्ही एकत्र असतात आणि सीमा स्पष्ट नसते. दुःखात माणूस रडतो, आठवणी काढतो, आणि नातवंड आलं की घटकाभर हसतो, चार घास जास्त खातो. नैराश्यात ती घटकाही येत नाही. मालिका लावलेली असते पण बघत नाही, देवपूजा उरकते, पहाटे तीन-चारला जाग येते ती येतेच, आणि “आता माझं काय उरलंय” हे वाक्य वारंवार येतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ रोज असं असेल तर दाखवायला हवं.

म्हातारी माणसं “मन लागत नाही” असं क्वचितच सांगतात. गॅस झालाय, पोट साफ नाही, अंगात त्राण नाही, असं सांगतात, आणि मग पोटाच्या तपासण्यांमागून तपासण्या होत राहतात. मनाच्या आजाराचं औषध निवडतानाही भुकेचा विचार होतो: फ्लुओक्सेटीनने सुरुवातीला भूक आणखी कमी होऊ शकते, उलट मिर्टाझापिनने झोप आणि भूक दोन्ही सुधारू शकतात. निवड डॉक्टरांची, पण “वजन उतरतंय” हे तुम्ही सांगितलं तरच ते त्या बाजूने विचार करतील. मरणाची भाषा असेल तर थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं.

एखादं उदाहरण पूर्ण उलगडून सांगाल का?

अशा घरांतून जे दिसतं त्यावर बेतलेलं हे एक. ७४ वर्षांच्या आजी, दहा महिन्यांपूर्वी पती गेले. सात महिन्यांत वजन ५६ वरून ५१, म्हणजे जवळपास ९ टक्के. मुलाची तक्रार: “ती हट्टीपणा करते.”

औषधांच्या पिशवीत निघालं: मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम दोनदा, ग्लिमेपिराइड, रक्तदाबाची गोळी, पायांच्या आगीसाठी रात्री ॲमिट्रिप्टिलीन २५, आणि दुकानातली गुडघेदुखीची गोळी. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीए१सी ६.१. मुलाला तो आकडा शाबासकीचा वाटत होता. प्रत्यक्षात वाळत चाललेल्या आजींसाठी तो फार कडक होता. त्या वयात सात-साडेसात, प्रकृती नाजूक असेल तर आठही चालतं. हिमोग्लोबिन १०, बी-१२ बरंच कमी. थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत, छातीचा एक्स-रे ठीक. शौचात रक्त नव्हतं. तोंडात अकरा वर्षांची खालची कवळी, हिरडीवर दोन जखमा, टाळूवर बुरशी. कवळी रात्रीही तोंडातच असायची.

सगळं एकदम केलं नाही. पहिल्या आठवड्यात ग्लिमेपिराइड बंद, मेटफॉर्मिन निम्म्यावर आणि सावकाश विरघळणारी, दुखण्याची गोळी बंद करून साधी पॅरासिटामॉल, बी-१२ची इंजेक्शनं, बुरशीचं औषध, आणि कवळीची कड घासणं. तोंडाची धातूची चव दोन आठवड्यांत गेली. ॲमिट्रिप्टिलीन टप्प्याटप्प्याने कमी केली. महिन्याने हिरडी भरल्यावर रिलायनिंग. तरीही आजी दुपारचं जेवण टाळतच होत्या. तेव्हा कळलं, की दुपारी घरात कुणीच नसतं. आजोबा असताना दोघं एकत्र बसायची. मानसोपचारतज्ज्ञांनी रात्री मिर्टाझापिन कमी डोसात सुरू केली, आणि खालच्या मजल्यावरच्या एक मावशी आपला डबा घेऊन दुपारी वर येऊ लागल्या. गोळी जास्त उपयोगी पडली की मावशी, हे सांगता येणार नाही. चार महिन्यांनी वजन ५३.५. पूर्वीचे ५६ झाले नाहीत, पण घसरण थांबली आणि आजी जिना उतरून खाली जाऊ लागल्या.

भूक वाढवणारं सिरप देऊ का? दुकानदार देतो.

बहुतेक सिरपांत सायप्रोहेप्टाडीन असतं. लहान मुलांना दिलेलं पाहिल्यामुळे ते निरुपद्रवी वाटतं. म्हाताऱ्या माणसाला त्याने गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, लघवी अडते, कधी भ्रम होतो. म्हणजे ज्या कारणांनी भूक गेली, त्यांतली दोन पुन्हा आणायची. नको.

मग खायला काय द्यायचं? शुगर आहे, तूप चालेल का?

वजन उतरत असताना कडक पथ्य सैल करणं हाच बहुधा योग्य निर्णय असतो. साखर जरा वाढली तर गोळ्यांचा हिशेब डॉक्टर पुन्हा मांडतील. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा मोठा आजार असेल तर मात्र आधी विचारा.

ताट मोठं करू नका. मोठं ताट बघूनच नको वाटतं. आहे त्याच अन्नात भर घाला: दिवसभरात भात-वरणावर दोन चमचे तूप, भाजीत किंवा कोशिंबिरीत दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, दुधात किंवा खिरीत दोन मोठे चमचे दुधाची पावडर, आणि एक अंडं. एवढ्यात साधारण सव्वातीनशे उष्मांक आणि १४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं वाढतात, आणि ताटातलं अन्न वाढल्यासारखं दिसत नाही. अंडं चालत नसेल तर पनीर किसून पिठल्यात किंवा मूगडाळीच्या धिरड्यात घाला. कवळी ठीक होईपर्यंत कूट अगदी बारीक असू द्या. जाड दाणे तिच्याखाली अडकतात.

बहुतेकांची भूक सकाळी सर्वांत चांगली असते, म्हणून खरं जेवण तेव्हाच उरका. चहा आणि ताक जेवणाआधी तासभर नको. पोट पाण्यानेच भरतं. प्रथिनांची महागडी पावडर वाईट नाही, पण ती जेवणाऐवजी दिली जाते तिथे फायदा शून्य. जेवणांच्या मधे द्या.

आणि कित्येक दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातले क्षार झपाट्याने खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. अशा वेळी आहार दवाखान्याच्या देखरेखीखालीच वाढवतात.

वाट न बघता कधी दाखवायचं?

घास अडकतो किंवा जेवताना ठसका लागतो, शौचाला काळी होते, दोन आठवड्यांवर खोकला किंवा संध्याकाळचा ताप, उलट्या, कावीळ, कुठे गाठ, अचानक गोंधळलेलं बोलणं, पाणीही पोटात जात नाही. आणखी एक, जे घरच्यांना उलटं वाटतं: जेवण भरपूर आहे तरी वजन उतरतंय. तिथे थायरॉइड आणि साखर आधी तपासतात.

मी बाहेरगावी असते. आई फोनवर “जेवले” एवढंच सांगते.

“जेवलीस का” विचारलं की “हो”च येणार. “आज भाजी कोणती केलीस? पोळी किती लाटल्यास? दुपारी सोबत कोण होतं?” असं विचारा. व्हिडिओ कॉल जेवणाच्या वेळी लावा आणि तुम्हीही ताट घेऊन बसा; काय वाढलंय आणि किती उरलंय, दोन्ही दिसतं. कामवाल्या ताईंना विचारा, उष्टं किती टाकावं लागतं. त्यांना सगळं ठाऊक असतं. औषधांच्या सगळ्या पट्ट्यांचे फोटो मागवा, मागच्या बाजूचेही, कारण औषधाचं मूळ नाव तिथेच छापलेलं असतं. पुढच्या भेटीत काटा घेऊन जा.